मित्राच्या केळवणात त्याची फिरकी घ्यायची आहे, पण त्याला लागता कामा नये

प्रश्न: «पुढच्या शनिवारी जवळच्या मित्राचं केळवण ठेवलंय. पंधरा-सोळा जण, सगळे मित्रच, घरचं कुणी नाही. जेवणाआधी मी त्याचा हलकासा रोस्ट करायचा असं ग्रुपने ठरवलंय. तो तसा हळवा आहे. हसवायचं तर आहेच, पण त्याचा चेहरा पडायला नको. काय बोलू, किती बोलू, काय टाळू?»

लग्नं, संगीत, निरोप समारंभ यांचं निवेदन करणं हा माझा व्यवसाय आहे. त्यातच मित्रांना आणि भावंडांना त्यांची भाषणं बसवून देण्याचं कामही येतं. त्या अनुभवावरून आधी एक सांगते. माणसाला लागतं ते बहुतेक वेळा विषयामुळे. विनोद किती तिखट होता याने फारसा फरक पडत नाही. अगदी सौम्य शब्दांत कुणाच्या विरळ केसांवर बोललात तरी तो रात्री घरी जाऊन आरशात बघणार. उलट त्याच्या एखाद्या खोडीची तुम्ही तासून खेचलीत, तर तोच सगळ्यांत मोठ्याने हसेल. म्हणून भाषा सौम्य करण्यात वेळ घालवू नका, विषय निवडण्यात घालवा.

विषय निवडायला मी एकच कसोटी वापरते: ही गोष्ट तो स्वतः चारचौघांत सांगतो का? काही सवयी माणूस मिरवतो. चहा अमुकच टपरीवरचा हवा, गाडीत गाणी तोच लावणार, सहलीचं वेळापत्रक तोच करणार, क्रिकेट बघताना कुणी जागा बदलायची नाही. यांवर कितीही बोला, कारण त्या त्याने निवडलेल्या आहेत. रंग, उंची, वजन, केस, उच्चार, घरची परिस्थिती, जात, पगार, हे त्याने निवडलेलं नाही. यातल्या कशावर तो स्वतः विनोद करत असला तरी तुम्ही करू नका. बरेच जण स्वतःच्या वजनावर आधीच बोलून टाकतात, म्हणजे दुसऱ्या कुणी बोलू नये. ती परवानगी समजायची नाही.

एक कसोटी विनोदाच्या बाजूनेही लावा. जे वाक्य कुठल्याही नवऱ्या मुलाला चालेल, ते काढून टाका. ‘बळीचा बकरा’, ‘स्वातंत्र्याचे शेवटचे दिवस’, ‘आता मोबाइल लपवायला शिक’, हे सगळं या चाळणीत गळून पडतं. एक तर ते शंभर वेळा ऐकलेलं असतं. दुसरं म्हणजे त्यात टपली त्याला बसत नाही, बसते ती होणाऱ्या बायकोला, आणि ती तिथे उत्तर द्यायला हजर नसते. तिच्याबद्दल बोलायचंच असेल तर तिच्यामुळे तुमच्या मित्रात झालेला एखादा बदल सांगा, तोही एका वाक्यात.

आता एक प्रत्यक्ष भाषण कसं बसवलं ते सांगते, म्हणजे बाकीचं आपोआप उलगडेल. नवरदेव कॉलेजपासूनच्या ग्रुपमधला, बोलणारा त्याचा तेव्हाचा रूममेट. रूममेट माझ्याकडे आला तो कागदावर सहा मुद्दे घेऊन: मित्राचे केस विरळ होतायत, इंजिनिअरिंगला दोन केटी लागल्या होत्या, तिसऱ्या वर्षातली एक मुलगी, गोव्यात झालेली उलटी, आईचे दर दोन तासांनी येणारे फोन, आणि सहलीत तो खर्चाची वही ठेवतो ते.

केस लगेच गेले. ती मुलगीही गेली. मित्रांमध्ये जुन्या प्रकरणाचा उल्लेख अगदी निरुपद्रवी वाटतो, पण नुसतं नाव घेतलं तरी टेबलावरचे चार जण चोरून एकमेकांकडे बघतात आणि नवरदेवाला ते दिसतं. आईचे फोन मी काढायला लावले, कारण त्यावर हसायचं म्हणजे तिथे नसलेल्या आईवर हसायचं. केटीबद्दल रूममेटचा आग्रह होता. मी विचारलं, तो स्वतः सांगतो का हे? विचार करून म्हणाला, नाही, उलट कुणी काढलं तर विषय बदलतो. झालं, तेही गेलं. गोव्याची उलटी ठेवायला हरकत नव्हती, पण ती कुणालाही होऊ शकते. त्यातून हा माणूस कळत नव्हता.

उरली ती वही. वही मात्र खास त्याचीच होती. ग्रुपमधल्या सगळ्यांनी ती पाहिलेली आणि त्याला तिचा अभिमानही. मग अख्खं भाषण त्या एका वहीवर बसवलं. पाच मिनिटांत सहा विषय घेतले की प्रत्येकाला एक ओळ मिळते, आणि ऐकणाऱ्याला ती दोषांची यादी वाटते. एकच सवय धरून तीन प्रसंग सांगितले की माणूस उभा राहतो. तिसऱ्या प्रसंगापर्यंत लोक ‘आता वही येणार’ म्हणून आधीच हसायला तयार असतात.

रूममेटने पहिलं वाक्य लिहिलं होतं: «हा इतका चिकट आहे की याच्या हातून रुपया सुटत नाही.» हे शिक्का मारणं झालं. शिक्क्यावर माणसाला काही म्हणता येत नाही, तो गिळावाच लागतो. शिवाय त्यात काही दिसतही नाही. त्याऐवजी आम्ही प्रसंग लिहिला:

«हरिश्चंद्रगड. रात्रीचे साडेनऊ. आम्ही सगळे नखशिखांत भिजलेलो. एकाचा पाय मुरगळलाय, एकाला हुडहुडी भरलीय. पिठलं-भाकरी कशीबशी पोटात गेलीय. आणि आमचा नवरदेव बॅटरी तोंडात धरून प्लॅस्टिकच्या पिशवीतली वही काढतो, पेनाचं टोपण उघडतो, आमच्याकडे एकेकाकडे बघतो... जास्तीचा कांदा कुणी घेतला?»

यात चिकट हा शब्द नाही, दोषही दिलेला नाही. ऐकणारे आपापल्या डोळ्यांसमोर त्याला बघतात आणि हसतात. नवरदेवही हसतो, कारण ते खरं आहे आणि तसं वागण्यात त्याला काही वावगं वाटत नाही.

शेवटच्या वाक्याकडे नीट बघा. मूळ लिखाणात ते असं होतं: «जास्तीचा कांदा कुणी घेतला, असं त्याने आम्हाला तेव्हा विचारलं.» आपण मराठीत बोलताना अशी शेपटी लावतोच, आणि हशा नेमका त्या शेपटीखाली दबतो. लोक ‘कांदा’ला हसायला लागतात आणि तुम्ही अजून ‘असं त्याने आम्हाला’ म्हणत असता. मग ते हसू आवरतात. म्हणून ‘म्हणाला’, ‘विचारलं’ जे काही असेल ते आधी उरकून घ्यायचं, आणि ज्या शब्दावर हशा हवा तो अगदी शेवटी ठेवून थांबायचं. तुमचा मसुदा तयार झाला की प्रत्येक विनोदाच्या शेवटच्या चार शब्दांखाली रेघ मारा. हशा त्या चार शब्दांत नसेल तर वाक्य फिरवा.

दुसरा प्रसंग छोटा होता. कॉलेजच्या दिवसांत एकाने याच्या कटिंगमधला अर्धा चहा प्यायला होता. दोन वर्षांनी त्या मित्राला नोकरी लागली, त्याने पार्टी दिली, आणि बिल आल्यावर आपल्या नवरदेवाने वही उघडून सांगितलं की आधी अर्ध्या कटिंगचं काय ते मिटवू. हा प्रसंग लिहिताना मी रूममेटला सांगितलं की तो चहा पिणारा मित्र कुठे बसणार हे आधी बघून ठेव आणि ही ओळ त्याच्याकडे बघून बोल. टेबलावरचा दुसरा कुणी त्या गोष्टीत सामील झाला की नवरदेव एकटा आरोपीच्या पिंजऱ्यात राहत नाही.

तिसऱ्या प्रसंगात तीच वही, पण दुसऱ्या जागी. रूममेटचे वडील हॉस्पिटलमध्ये होते तेव्हा नवरदेव तीन रात्री तिथल्या बाकावर बसून होता. औषधांची बिलं तारखेवार लावली, मेडिक्लेमचे कागद भरले, कॅशलेसच्या खिडकीवर तोच जाऊन भांडला. डिस्चार्जच्या दिवशी वही रूममेटच्या हातात दिली. पै-पैचा हिशेब जुळत होता. त्याच्या स्वतःच्या नावापुढे मात्र रिक्षा, जेवण, चहा, काहीच लिहिलेलं नव्हतं. भाषणात ते असं आलं: «अर्ध्या कटिंगचे पैसे दोन वर्षं लक्षात ठेवणारा हा माणूस. त्या वहीत तू तुझा एक रुपया लिहिला नव्हतास.»

रोस्टमध्ये प्रेम यायचं ते असं, त्याच सवयीतून. पाच मिनिटं खेचून झाल्यावर ‘पण यार, तू खूप चांगला मित्र आहेस’ अशी गोड ओळ जोडली तर ती कुणाला खरी वाटत नाही. सगळ्यांना कळतं की आता उपचार उरकला जातोय. ज्या गोष्टीवर हसलो तिचीच दुसरी बाजू दाखवली की आधीचा हशासुद्धा प्रेमाचाच होता हे लोकांना मागाहून जाणवतं. म्हणून मी मसुदा नेहमी उलटा लिहायला सांगते. आधी तिसरा प्रसंग शोधा: या माणसाने माझ्यासाठी नेमकं काय केलं? त्यात त्याची कुठली सवय दिसते? ती सापडली की त्याच सवयीचे दोन हसरे प्रसंग आठवायला फार वेळ लागत नाही. तिसरा प्रसंग सापडतच नसेल, तर ती सवय सोडून दुसरी घ्या.

या तिसऱ्या प्रसंगाचं एक पथ्य आहे आणि तुमचा मित्र हळवा आहे म्हणून ते जास्त पाळा. प्रसंग तुमच्या अडचणीचा असावा, त्याच्या नाही. त्याची नोकरी गेली होती, तो रडला होता, त्याच्या घरात भांडणं होती, आणि आपण कसे पाठीशी उभे राहिलो, हे कितीही आपुलकीने सांगितलं तरी त्याचं गुपित उघडं पडतं. वर मोठेपणा तुमच्याकडे जातो. आपलं दुखणं सांगायचा हक्क आपल्याला असतो, म्हणून रूममेटला वडिलांचं आजारपण सांगता आलं.

वरच्या शेवटच्या ओळीत आणखी एक बदल तुमच्या लक्षात आला असेल. आधी सगळीकडे ‘आमचा नवरदेव’, ‘हा’, ‘याने’ आहे आणि शेवटी ‘तू’ येतं. हे ठरवून केलेलं असतं. खेचताना त्याच्याबद्दल टेबलाशी बोलायचं, म्हणजे तो गोष्टीतलं पात्र होतो आणि इतरांसोबत हसू शकतो. त्याच्याकडे रोखून ‘तू असा आहेस, तू तसं केलंस’ म्हणत राहिलात की ते फैलावर घेतल्यासारखं वाटतं. शेवटच्या मिनिटात त्याच्याकडे वळा आणि ‘तू’ म्हणा. आवाज मुद्दाम हलवू नका, ओळ साधी ठेवा.

आता जे तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहे ते. सगळे मित्रच आहेत असं तुम्ही लिहिलंय, पण मित्रांमध्येही शाळेचे, कॉलेजचे आणि ऑफिसचे असे वेगवेगळे गट असतात. पंधरा-सोळांत ऑफिसचे दोघं-तिघं असतील तर कामाशी संबंधित काहीही बोलू नका, अगदी ‘सोमवारी उशिरा उठतो’ इतकंही नाही. आणि निवडलेला प्रसंग निम्म्याहून जास्त लोकांना माहीत नसेल, तर तो दोन वाक्यांत समजावता येतो का ते बघा. समजावायला पाच वाक्यं लागत असतील तर तो तुमच्या तिघांचाच विनोद आहे, तो चहाच्या टपरीवर ठेवा.

दुसरी गोष्ट फोनची. डिसेंबर २०१४ मध्ये मुंबईत वरळीला ‘एआयबी नॉकआउट’ हा विनोदी कलाकारांचा जाहीर कार्यक्रम झाला आणि आपल्याकडे रोस्ट हा प्रकार घराघरांत माहीत झाला. तिथल्या कलाकारांनी राजीखुशीने टोमणे ऐकले, सभागृहातले लोक हसले. जानेवारी २०१५ मध्ये तो यूट्यूबवर आला तेव्हा मात्र पोलिसांत तक्रारी झाल्या आणि काही दिवसांत व्हिडिओ काढावा लागला. तुमच्या केळवणाचा आवाका लहान, पण गोष्ट तीच: समोरच्यांसाठी केलेला विनोद परक्या माणसाने फोनवर पाहिला की वेगळा दिसतो. कुणीतरी उत्साहाने तीस सेकंदांची क्लिप ग्रुपवर टाकणार आणि ती फिरत फिरत मुलीकडच्या मामांपर्यंत जाणार, हे धरूनच चाला. सुरुवातीला हसत हसत सगळ्यांना फोन पालथे ठेवायला सांगा, पण त्यावर विसंबू नका. होणाऱ्या सासूबाईंच्या कानावर गेली तरी चालेल, अशीच प्रत्येक ओळ ठेवा.

नवरदेवाला आधी विचारावं का? विचारावं, पण काय बोलणार ते सांगायचं नाही. चार-पाच दिवस आधी एकटा असताना विचारा, कुठला विषय नको? हळवी माणसं बहुधा ‘काहीही बोल रे, चालेल’ म्हणतात. तेवढ्यावर थांबू नका. पुढे विचारा, ‘सध्या डोक्याला ताप कशाचा आहे?’ लग्नाच्या आधी कर्ज, हॉलचे पैसे, दोन घरांमधली मानापमानाची कुरकुर, काहीतरी चालू असतंच. तो जे सांगेल ते भाषणातून वगळा, त्याच्या जवळपासचंसुद्धा. रूममेटने असंच विचारलं तेव्हा लग्नखर्चावरून घरात थोडी ओढाताण चालू असल्याचं कळलं, म्हणून वहीवरचा ‘लग्नाचंही एस्टिमेट काढलं असेल’ हा चांगला जमलेला विनोद आम्ही काढून टाकला.

आपल्या लग्नात नवरीचा भाऊ नवऱ्याचा कान पिळतो, त्या कानपिळीसारखं हे ठेवा. पिळणारा हक्काचा असतो, सगळ्यांसमोर पिळतो, आणि कान लाल व्हायच्या आत सोडतो.

वेळेचं सांगायचं तर पाच मिनिटं. मराठीत सावकाश, हशाला जागा ठेवून बोललात तर त्यात साधारण साडेचारशे ते पाचशे शब्द बसतात. मसुदा त्याहून मोठा झाला तर दुसऱ्या प्रसंगातून कापा. पहिला आणि तिसरा हलवू नका. स्टार्टर येऊन गेले आणि मुख्य जेवण यायचंय, हा मुहूर्त उत्तम. उपाशी लोक ऐकत नाहीत. टेबलावर पिणं असेल तर दुसऱ्या ग्लासाच्या आत उरका. त्यानंतर लोक मध्ये ओरडून स्वतःच्या गोष्टी घुसवतात, आणि तुम्ही कष्टाने वगळलेली ती तिसऱ्या वर्षातली मुलगी कुणीतरी नेमकी तेव्हाच आणतो. असं झालंच तर त्यावर हसू नका, उत्तरही देऊ नका. ‘ते राहू दे, वहीकडे येऊ’ म्हणून आपल्या धाग्यावर परत या. यासाठीही एकच धागा असणं फार उपयोगी पडतं, कारण परत यायला जागा असते.

बोलताना कागद हातात असू द्या, पण नजर नवरदेवावर ठेवा. मनापासून हसणारा माणूस मागे रेलतो, हात झटकतो, ‘ए गप’ म्हणतो. ज्याला लागलंय तोही हसतो, पण जरा उशिरा, आधी इतरांकडे बघून. मग पाण्याचा ग्लास उचलतो किंवा खुलासा करायला लागतो: ‘अरे तसं नव्हतं ते, त्या दिवशी काय झालं होतं...’ खुलासा सुरू झाला की तो प्रसंग तिथेच सोडा, राहिलेल्या ओळी गाळा आणि थेट तिसऱ्या प्रसंगावर जा. ‘चेष्टा करतोय रे’ म्हणू नका, त्याने त्याला लागल्याचं सगळ्या टेबलाला कळतं. नुसतं पुढे गेलात तर बाकीच्यांच्या ते लक्षातही येत नाही. म्हणूनच तिसरा प्रसंग तोंडपाठ असावा, कागदात शोधत बसायची वेळ येऊ नये.

शेवटची ओळ झाली की लगेच त्याच्या हाती बाजू द्या. केळवण आहे, तेव्हा उखाण्याची मागणी ओघाने येतेच. ती तुम्हीच करा. त्याला उखाणा येत नसेल तर एक दिवस आधी कुणाकरवी तरी सुचवून ठेवा. पाच मिनिटं गप्प बसून ऐकून घेतलेल्या माणसाला बोलायची संधी मिळते, आणि त्याने उखाण्यात तुमची परतफेड केली तर आणखीच छान. तो बोलायला उठला की तुम्ही खाली बसा आणि मध्ये काही जोडू नका. रूममेटच्या वेळी नवरदेवाने उखाणा घेतला, खाली बसला आणि वाढप्याला खूण केली की आता जेवण येऊ दे.